बाबांचं पत्र, पायाच्या जखमेचा फोटो आणि पुढच्या शुक्रवारची अपॉइंटमेंट

अनुजा_प (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बाबांना विचारून त्यांनी मला पाठवलेलं पत्र इथे टाकतेय. ते रिटायर्ड आहेत, आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते त्यामुळे सगळं मोजूनमापून लिहायची सवय. एकटे राहतात, शेजारच्या काकूंचं लक्ष असतं. डायबिटीस बरीच वर्षं आहे. मी लांब राहते, आजच्या आज निघणं जमणार नाहीये. फोटो शेवटी जोडलाय पण तो पिवळ्या दिव्यात काढलाय आणि जरा हललाय, म्हणून पत्रच नीट वाचा ही विनंती. माझा प्रश्न एकच, त्यांनी जो प्लॅन लिहिलाय तो ठीक आहे का? शुक्रवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

*चि. मनूस अनेक आशीर्वाद.*

*सोबत उजव्या पायाचा फोटो पाठवतो आहे. बघून घाबरू नकोस, पण तुझ्यापासून लपवणार नाही म्हणालो होतो म्हणून पाठवतोय. फोटोत जे नीट कळत नाही ते लिहितो. अंगठ्याच्या मुळाशी चवड्याचा जो उंचवटा असतो तिथे मला जुना घट्टा आहे, तो तू पाहिला आहेस. त्याच घट्ट्याच्या मधोमध काळपट लाल डाग दिसत होता. गेल्या आठवड्यात मोजा काढताना मोजाला पिवळट तपकिरी डाग लागलेला दिसला, तेव्हा आरसा जमिनीवर ठेवून बघितलं तर डागाच्या जागी भोक पडलं आहे. पट्टीने मोजलं, १४ मिलिमीटर लांब आणि ११ रुंद. खोली कळत नाही, मध्ये काळोख दिसतो. कडा पांढऱ्या आणि भिजल्यासारख्या आहेत.*

*दुखत अजिबात नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. आजूबाजूला लाली आहे, आतल्या बाजूला कमानीकडे ती भोकाच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरपर्यंत गेली आहे. पाऊल गरम लागतं, म्हणजे रक्तपुरवठा चांगला असावा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या की खोलीत थोडा वास येतो, मला काही जाणवला नाही. सकाळची उपाशीपोटी शुगर एरवी १३० च्या आसपास असते, ती चार सकाळ झाल्या २०० च्या वर येते आहे, खाण्यात किंवा गोळ्यांत काहीही बदल केलेला नाही. काल रात्री जरा हुडहुडी भरली होती, पण पांघरूण घेतल्यावर झोप लागली, हवा बदलते आहे.*

*आता प्लॅन. पुढच्या शुक्रवारी शुगरच्या डॉक्टरांची नेहमीची अपॉइंटमेंट आहेच, तेव्हाच पाय दाखवीन, वेगळी धावपळ नको. तोपर्यंत रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून अँटिसेप्टिक लावून पट्टी करतो. दाताच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या शिल्लक आहेत, त्या सुरू कराव्यात असं वाटतंय, तुझं मत कळव. सकाळचं फिरणं चालू ठेवलं आहे, दुखत नाही तर बंद का करायचं, आणि चालण्याने पायात रक्त खेळतं. काळजी करू नकोस.*

*तुझा बाबा*

हेमंत_र

फोटो पाहिला. मला तर हे कुरूप वाटतंय, मलाही सेम जागेवर होतं. मेडिकलमध्ये कुरुपाच्या औषधी पट्ट्या मिळतात त्या लावा, चार दिवसांत कडक कातडी मऊ होऊन आपोआप निघून येते. एवढं टेन्शन घेऊ नका.

टाका_दोरा

मी जनरल सर्जन आहे, रोजच्या कामातला मोठा भाग डायबिटिक पायांचाच असतो. अनुजाताई, बाकी सगळं नंतर, आधी बाबांना फोन करा आणि दोन गोष्टी मोजायला सांगा, ताप आणि नाडी. ताप ३८ सेल्सिअसच्या म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर असेल, किंवा नाडी शांत बसलेलं असताना मिनिटाला ९० च्या वर असेल, किंवा पुन्हा हुडहुडी भरली, उलटी झाली, झोपाळल्यासारखं वाटलं, तर आज रात्रीच इमर्जन्सीला जायचं. यातलं काहीच नसेल तर उद्या सकाळी उघडल्या उघडल्या. शुक्रवार नाही.

हेमंत, ती पट्टी प्लीज कोणी लावू नका. त्यात अॅसिड असतं, ते कडक कातडी जाळतं आणि ज्याला पायात संवेदना नाहीत त्याला ते खाली कुठवर जळत गेलं हे कळतच नाही. अशा पट्टीनेच सुरू झालेल्या जखमा मी पाहिल्यात.

अनुजा_प

केला फोन. ताप ९९.६ फॅरनहाइट, नाडी ८४. उलटी वगैरे काही नाही, बोलणं नेहमीसारखं आहे. पण ते म्हणतात की दुखत नाही तर एवढी घाई कशाला, शुक्रवार काही लांब नाही. त्यांना पटेल असं काहीतरी सांगा, नुसतं "जा" म्हटलं तर ते ऐकणाऱ्यातले नाहीत.

टाका_दोरा

ठीक, मग उद्या सकाळी. त्यांना पत्रातलीच मापं दाखवतो, मोजणाऱ्या माणसाला मोजमापच पटतं.

पहिलं म्हणजे "दुखत नाही". तळव्याला आत काळोख दिसण्याइतकं भोक असलेला माणूस पाय टेकवू शकत नाही, तो लंगडतो, टाचेवर चालतो. तुमचे बाबा त्यावर सकाळी फिरायला जातायत. म्हणजे दुखणं पोचवणाऱ्या नसा बधीर झाल्यात. घट्टा आला तोही त्यामुळेच, एकाच जागेवर सतत दाब येत राहिला आणि पावलाने ती जागा कधी बदलली नाही. घट्टा जाड झाला की तोच बुटात खडा राहिल्यासारखा आतल्या मांसावर दाबतो. तो काळपट लाल डाग म्हणजे कातडी फुटायच्या आधी खाली झालेला रक्तस्राव.

दुसरं, लाली. आम्ही भोकाच्या कडेपासून मोजतो आणि २ सेंटिमीटर ही आमची रेघ आहे. त्याच्या आत असेल आणि वरवरची असेल तर इन्फेक्शन सौम्य धरतो, त्याच्या पलीकडे गेली तर एक पायरी वर. बाबांनी स्वतःच अडीच लिहिलंय. पाऊल गरम लागतंय ते रक्तपुरवठ्यामुळे असं त्यांनी धरलंय, पण एकच पाऊल गरम असेल तर ती सूज असते. त्यांना दोन्ही पावलांना हाताची मागची बाजू लावून फरक बघायला सांगा.

तिसरं मला सगळ्यात जास्त खटकलं, शुगर. खाणं तेच, गोळ्या त्याच आणि आकडा १३० वरून २०० च्या वर. शरीर आत कशाशी तरी झगडत असलं की शुगर अशी चढते. डायबिटीसवाल्यांमध्ये मोठं इन्फेक्शन असूनही बऱ्याचदा ताप नसतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कधीकधी नॉर्मल येतात, त्यामुळे ९९.६ वर समाधान मानू नका. हुडहुडी आणि ही चढलेली शुगर एकत्र ठेवून बघा, हवा बदलल्याने शुगर सत्तर-ऐंशीने वाढत नाही.

फोटोबद्दल एवढंच की मला त्यात घट्टा दिसतो आणि भोक दिसतं. ते किती खोल आहे, हाडापर्यंत गेलंय का, वास कसा आहे, पायात नाडी लागते का, यातलं फोटोत काहीच नसतं. तुमच्या बाबांच्या पत्रात फोटोपेक्षा जास्त माहिती आहे.

जुनाजाणता

डॉक्टरसाहेबांशी सहमत आहे, पण मी स्वतः पंचवीस वर्षं शुगरवाला आहे म्हणून अनुभवाचं सांगतो. मुळात शुगर कंट्रोलमध्ये आणली की जखम आपोआप भरते, तो खरा उपाय. आणि त्या पाच गोळ्या आजच सुरू करायला हरकत नाही, उद्यापर्यंत तेवढंच इन्फेक्शन मागे हटेल. पट्टी मात्र करू नका, जखमेला मोकळी हवा लागली पाहिजे, खपली धरली की काम झालं.

टाका_दोरा

जुनाजाणता, शुगर खाली आणायला हवी हे शंभर टक्के बरोबर, उद्या डॉक्टर कदाचित काही दिवस इन्शुलिनही देतील. पण शुगर ११० झाली आणि माणूस त्याच भोकावर चालत राहिला तर ती जखम भरत नाही. दाब काढणं हा यातला अर्धा इलाज आहे.

गोळ्यांचं मात्र कृपया थांबवा. उद्या जखम साफ केल्यावर तळातून मांसाचा छोटा तुकडा तपासणीला जाईल, त्यावरून कुठले जंतू आणि कुठलं औषध लागू पडेल ते ठरतं. आज रात्री अर्धवट डोस पोटात गेला तर तो रिपोर्ट फसवा येऊ शकतो. दाताला दिलेलं औषध पायाच्या जंतूंना लागू असेलच असंही नाही आणि पाच गोळ्यांत तर काहीच पुरं होत नाही. एक रात्र थांबल्याने होणारं नुकसान त्यापेक्षा कमी आहे, अर्थात वर लिहिलेली लक्षणं नसतील तरच.

खपलीचं म्हणाल तर तळव्याच्या जखमेवर कोरडी खपली म्हणजे वर झाकण आणि खाली पू. आम्ही उलट ती काढतो. आज रात्री बाबांनी सलाईनने किंवा स्वच्छ पाण्याने धुवून कोरडी स्वच्छ पट्टी बांधायची, बस. पाय बुडवणं बंद. कडा पांढऱ्या, भिजल्यासारख्या आहेत असं त्यांनीच लिहिलंय, ते रोजच्या त्या पाण्याने वाढतंय, आणि बधीर पायाला पाणी कोमट आहे की पोळतंय ते समजत नाही.

जुनाजाणता

बुडवू नये हे मला माहीत नव्हतं, मी वर्षानुवर्षं करत आलोय. हवेचं मात्र मला अजून पटलेलं नाही, माझ्या नडगीची जखम उघडी ठेवूनच भरली होती.

वसुधा_

माझ्या आईला घोट्याच्या आतल्या बाजूला अशीच जखम होती, वर्षभर भरत नव्हती. शेवटी एका डॉक्टरांनी पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट इलॅस्टिक पट्टी बांधायला शिकवलं आणि झोपताना पाय उंच ठेवायला सांगितला, तीन महिन्यांत पूर्ण भरली. अनुजा, बाबांना ती पट्टी नक्की सुचव, डायबिटीस आईलाही होता.

ड्रेसिंगरूम

वसुधाताई, आईंची जखम भरली हे वाचून बरं वाटलं, पण ती वेगळी जखम होती. घोट्याच्या वर आतल्या बाजूला, पाय सुजलेला, आजूबाजूची कातडी काळपट, ती अशुद्ध रक्त साचल्यामुळे होते आणि तिला ती घट्ट पट्टी हाच इलाज. इथे जखम चवड्यावर आहे, दाबामुळे झालेली. शिवाय डायबिटीसमध्ये पायाच्या शुद्ध रक्ताच्या नळ्या अरुंद झालेल्या असू शकतात, ते तपासल्याशिवाय वरून घट्ट बांधलं तर जो काही रक्तपुरवठा आहे तोही तुटेल. मी नर्स आहे, जखमांच्या विभागात काम करते. आमच्याकडे पायाच्या नाड्या बघितल्याशिवाय कोणी घट्ट पट्टीला हातच लावत नाही.

अनुजा, दोन कामाच्या गोष्टी. एक, बाबांना आत्ताच बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ काढायला सांग आणि बाजूला वेळ लिहायला सांग. सकाळी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर तपासणाऱ्याला काही विचारायची गरजच राहत नाही. पिवळ्या दिव्यात लाली कमी-जास्त दिसते, रेघ मात्र दिव्याने बदलत नाही.

दुसरं, फोटो. बाबांनी तो स्वतः वाकून काढला असेल, म्हणून हललाय, आणि तसं वाकताना चवड्यावरच जोर येतो. उद्यापासून कुणाला तरी काढायला सांग. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद, कारण ओल्या जखमेवर फ्लॅश चमकला की नेमका तळ दिसत नाही. जखमेच्या शेजारी त्यांची मोजपट्टी ठेवायची आणि कागदावर तारीख. एक फोटो पूर्ण तळव्याचा, एक जवळून पण झूम न करता, आणि एक दोन्ही पावलं शेजारी शेजारी. हा तिसरा कोणी काढत नाही आणि सूज त्याच फोटोत कळते. बोटांच्या बेचक्याही बघून घ्या. पण हे फोटो फक्त कालच्यापेक्षा आज काय बदललं ते कळण्यापुरते, फोटो पाठवला म्हणून तपासणी टळत नाही.

अनुजा_प

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बाबांना टाका_दोरा यांचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. लालीच्या २ सेंटिमीटरवर गप्प झाले, मग म्हणाले रेघ कुठून मोजायची, भोकाच्या मध्यापासून की कडेपासून. कडेपासून म्हटल्यावर पुन्हा मोजून आले आणि स्वतःच म्हणाले की उद्या जातो. उजवं पाऊल डाव्यापेक्षा गरम आहे. काकू सोबत जाणार आहेत. तिथे गेल्यावर काय काय व्हायला हवं ते सांगाल का? त्यांना प्रश्न लिहून न्यायचेत.

टाका_दोरा

डॉक्टरांना शिकवायला जायचं नाही, पण या चार-पाच गोष्टी झाल्या का ते बघावं. घट्टा ब्लेडने खरवडून काढून जखमेचा खरा तळ दिसला पाहिजे, तो दिसल्याशिवाय मलम लावून घरी पाठवलं तर तपासणी झालीच नाही असं समजा. मग बोथट टोकाची स्टीलची सळई घालून तळ चाचपतात, खाली काही कडक, खरखरीत लागलं तर हाड उघडं पडलंय अशी शंका घ्यायची. एक्स-रे. रक्त तपासणी. पायाच्या नाड्या, आणि जमल्यास अंगठ्याचं ब्लड प्रेशर. तळातला तुकडा तपासणीला. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, चालायचं कसं ते.

बाबांना एक आधीच सांगून ठेवा. घट्टा काढल्यावर भोक मोठं दिसेल. घरी आल्यावर पट्टी लावून मोजतील आणि म्हणतील डॉक्टरांनी वाढवलं. ते आधीच तेवढं होतं, कडेच्या कातडीखाली झाकलेलं.

अनुजा_प

अपडेट. बाबा काल गेले. शुगरच्या डॉक्टरांनी लगेच पायाच्या विभागात पाठवलं. लाली रात्रीत रेघेबाहेर साधारण अर्धा सेंटिमीटर गेली होती, बाबांनी रेघ दाखवली तर तिथल्या डॉक्टरांनी त्याचाच फोटो काढून घेतला. घट्टा काढला, थोडा पू निघाला, भोक आता २२ बाय १७ मिलिमीटर आहे. टाका_दोरा, तुम्ही सांगितलं नसतं तर बाबा खरंच चिडले असते.

सळई घातली तेव्हा खाली कडक लागलं. एक्स-रे मात्र क्लीन आहे. रक्त तपासणीत सूज दाखवणारा ईएसआर ८२. घोट्याच्या आणि हाताच्या प्रेशरचं गुणोत्तर १.४ आलं, बाबा म्हणतात एकाच्या वर म्हणजे उत्तम रक्तपुरवठा. अंगठ्याचं प्रेशर ५८. ॲडमिट करून घेतलंय, शिरेतून अँटिबायोटिक सुरू, तुकडा तपासणीला गेलाय, एमआरआय करायचाय. मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक्स-रे क्लीन तर मग हाडाची भानगड कशी? आणि १.४ चांगलं ना?

टाका_दोरा

एक्स-रेमध्ये हाडाचं इन्फेक्शन पहिले दोन-तीन आठवडे दिसतच नाही, हाड बरंचसं झिजल्यावरच ते फिल्मवर उमटतं. म्हणून आजचा क्लीन एक्स-रे म्हणजे आजपुरतं उत्तर, काही आठवड्यांनी तोच पुन्हा काढून शेजारी ठेवून बघतात. सळईला हाड लागणं आणि ईएसआर ७० च्या वर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की शंका बळकट होते. एमआरआयने आणखी स्पष्ट होईल.

१.४ चं उलट आहे. हे गुणोत्तर साधारण ०.९ ते १.३ असावं. डायबिटीसमध्ये घोट्याजवळच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसून त्या कडक होतात, पट्ट्यात हवा भरली तरी त्या दबत नाहीत, म्हणून आकडा खोटाच वाढलेला येतो. बोटांच्या बारीक वाहिन्या सहसा त्यातून सुटतात, म्हणून अंगठ्याचं ५८ जास्त विश्वासाचं. ते ३० च्या खाली असतं तर जखमेइतकीच घाई रक्तवाहिन्यांची करावी लागली असती. ५८ म्हणजे अगदी मस्त नाही, पण भरायला वाव आहे.

ड्रेसिंगरूम

हाडात इन्फेक्शन निघालं तर पुढे दोन रस्ते समोर ठेवतील, त्यासाठी तयार राहा. तेवढा हाडाचा तुकडा काढून टाकायचा, किंवा न कापता साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक द्यायचं. माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही प्रकारे बरे झालेले लोक आहेत. आमच्याकडे पू बाहेर निघाला, लाली उतरली आणि रक्तपुरवठा बरा असला की पहिल्यांदा औषधावरच जाऊन बघतात.

टाका_दोरा

मी सर्जन आहे म्हणून म्हणत नाही, पण चवड्याखालचं हाड उघडं पडलेलं असताना सहा आठवडे थांबायला मला जड जातं. काढलं की औषधही खूप कमी दिवस लागतं. अर्थात पेशंट न बघता इथून ठरवण्यासारखं हे नाही, तिथल्या टीमला ठरवू द्या.

तळवा

मी डॉक्टर नाही. पायाच्या क्लिनिकसाठी बूट आणि इनसोल बनवतो. टाका_दोरा, एक गोष्ट तुमच्यासमोर मांडतो. अंगठ्यामागच्या हाडाचं डोकं काढलं की ती जखम लवकर भरते हे मी पाहिलंय, पण तिथला भार नाहीसा होत नाही, तो शेजारच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली सरकतो. मग काही महिन्यांनी तेच लोक तिथे नवा घट्टा घेऊन माझ्याकडे येतात. कापू नका असं मी म्हणत नाही, पण कापलं तर इनसोल पहिल्या दिवसापासून नवा लागतो, जुना चालत नाही.

टाका_दोरा

हे अगदी खरं आहे, आणि आमच्या बाजूने बऱ्याचदा ते सांगायचं राहून जातं.

अनुजा_प

मी इथे पोचले. एमआरआयमध्ये हाडाच्या टोकाला इन्फेक्शन दिसतंय पण सांध्यात गेलेलं नाही. सध्या औषधावर ठेवून बघतायत, दोन आठवड्यांनी पुन्हा विचार करू म्हणाले. लाली रेघेच्या बरीच आत आलीय, शुगर १५० च्या आसपास, काकू म्हणतात वासही गेला.

बाबांना गुडघ्यापर्यंतचा एक मोठा बूट दिलाय, पट्ट्यांनी बांधायचा, काढता येतो. मी वाचलं होतं की यात प्लास्टर घालतात जे काढताच येत नाही, मग यांना काढता येणारा का दिला? आणि बाबांचा प्रश्न, बेडवरून बाथरूमपर्यंत आठ-दहा पावलंच आहेत, तेवढ्याला घातला नाही तर चालेल का?

टाका_दोरा

न काढता येणारं प्लास्टर हेच अशा जखमेसाठी पहिल्या पसंतीचं, कारण ते घातलेलंच राहतं. पण आत्ता इन्फेक्शन जिवंत आहे, रोज उघडून बघावं लागतंय, अशा वेळी बंद करून टाकणं धोक्याचं. ते शांत झालं की कदाचित प्लास्टरवर जातील, तुम्ही तसं विचारून ठेवा.

बाथरूमचं उत्तर नाही. जखमेच्या तळाशी जी कोवळी नवी जाळी धरते ती अनवाणी चार पावलांतही चिरडते आणि बाबांना ते कळणार नाही. माणूस बाहेर जाताना बूट आठवणीने घालतो आणि घरात काढून ठेवतो, पण दिवसभरातली बहुतेक पावलं घरातच पडतात. रात्री उठतानाही बूट. बेडजवळ भांडं किंवा कमोडची खुर्ची ठेवता आली तर आणखी चांगलं. मोजमाप ठेवायचंच असेल तर दर आठवड्याला जखम मोजा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर काहीतरी चुकतंय, दाब, रक्तपुरवठा किंवा हाड, आणि तेव्हा नवं मलम शोधण्याऐवजी टीमला पुन्हा पहिल्यापासून बघायला सांगा.

अनुजा_प

बाबांनी आलेखाचा कागद मागवलाय. क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी धरायचं की चौकोन मोजायचे असं विचारतायत.

ड्रेसिंगरूम

आम्ही लांबी गुणिले रुंदीच धरतो, फक्त दर वेळी सर्वात लांब रेषा आणि तिला काटकोनात सर्वात रुंद, अशीच घ्यायची, माणूस बदलला तरी पद्धत तीच. खोली त्यांनी मोजायची नाही, ती आमच्यावर सोडा. आणि डावं पाऊलही रोज बघा, सगळा भार आता त्याच्यावर येणार आहे.

तळवा

त्याच मुद्द्यावर. त्या मोठ्या बुटाचा तळ जाड असतो, दोन-तीन सेंटिमीटर सहज. उजवा पाय तेवढा उंच आणि डावा घरच्या चपलेत असेल तर चालताना कंबर वाकडी होते, तोल जातो आणि चार-आठ दिवसांत कंबर दुखायला लागते. बूट घालणं सोडून देण्याचं हे फार मोठं कारण आहे, लोक डॉक्टरांना सांगत नाहीत, गुपचूप काढून ठेवतात. बाबांना दोन्ही घालून भिंतीला पाठ लावून उभं करा, कमरेची हाडं एका पातळीत येतात का ते बघा, जेवढा फरक असेल तेवढा तळ डाव्या बुटाला चढवून घ्या. हे मोजणं तर बाबांना स्वतःलाच जमेल. डावा बूट पुढे बंद आणि रुंद हवा, आत शिवण टोचणारी नको, आणि घालायच्या आधी दर वेळी हात घालून आत काही राहिलंय का ते चाचपायचं.

अनुजा_प

बघितलं, बावीस मिलिमीटरचा फरक आहे. उद्या बूट घेऊन जाते तळ चढवायला. हाडाबद्दलचा पुढचा निर्णय झाला की इथेच लिहीन.